मुदत विमा आणि बचत विमा: हप्त्यात एवढा फरक का?

समजा, एकाच वयाच्या 1,000 निरोगी माणसांनी प्रत्येकी 10 लाखांचा विमा घेतला आणि वर्षभरात त्यातले सरासरी 2 जण दगावतात. म्हणजे भरपाई 20 लाख. ती हजार जणांत वाटली की प्रत्येकाच्या वाट्याला 2,000 येतात. वर कंपनीचा खर्च. मुदत विम्याचा हप्ता मुळात एवढाच. जे जगतात त्यांना काही परत मिळत नाही, म्हणूनच तो इतका कमी असतो. (वयाबरोबर धोका वाढतो, त्यामुळे सगळी वर्षं समान हप्ता हवा असेल तर तो थोडा जास्त धरतात.)

बचत विम्यात 20 वर्षांनी जगलेल्या प्रत्येकालाही 10 लाख द्यायचे असतात. हे पैसे इतरांच्या हप्त्यांतून येऊच शकत नाहीत, कारण घेणारे जवळजवळ सगळेच असतात. ते ज्याचे त्यालाच साठवावे लागतात: 5 टक्के व्याज धरलं तरी दरवर्षी साधारण 28,800.

यातली मेख सहज लक्षात येत नाही. 15 व्या वर्षाअखेर तुमचेच सुमारे साडेसहा लाख जमलेले असतात. तेव्हा मृत्यू झाला तर कुटुंबाला 10 लाखच मिळतात, म्हणजे समूहाकडून आलेले फक्त साडेतीन. मुदत विम्यात मात्र पूर्ण 10 लाख समूहाकडून येतात.

बचत विमा पहिल्या काही वर्षांत सोडला तर सगळ्यात जास्त फटका बसतो, कारण कमिशन आणि सुरुवातीचा खर्च त्याच हप्त्यांतून वळता झालेला असतो. सही करण्याआधी प्रत्येक वर्षाच्या समर्पण मूल्याचा, म्हणजे त्या वर्षी विमा सोडला तर परत मिळणाऱ्या रकमेचा, तक्ता मागून घ्या.