मॅनेजमेंट ट्रेनीचा अर्ज : चारही विभागांचं पत्र की एकाच विभागाचं?

हॉटेल मॅनेजमेंटची पदवी झाली, मार्कशीट हातात आली आणि आता एखाद्या मोठ्या साखळीच्या मॅनेजमेंट ट्रेनी कार्यक्रमाला अर्ज करायचा आहे. नोकरीचा अनुभव शून्य. सांगण्यासारखं जे काही आहे ते इंडस्ट्रियल ट्रेनिंगमधलं. मग ते सांगायचं कसं? मुलं दोन प्रकारे लिहितात. पहिल्या प्रकारात फ्रंट ऑफिस, हाउसकीपिंग, सर्व्हिस आणि किचन या चारही विभागांत काय काय केलं ते ओळीने येतं. दुसऱ्या प्रकारात एकच विभाग आणि त्यातलं एकच काम, पण नीट उलगडून. मी बरीच वर्षं हाउसकीपिंगमध्ये काढली, नंतर ट्रेनिंगकडे गेले आणि दोन्ही प्रकारची पत्रं भरपूर वाचली. आमच्या ओळखीतल्या कळव्याच्या एका मुलीने अलीकडे दोन्ही तऱ्हांनी लिहून पाहिलं आणि कोणतं पाठवू म्हणून विचारलं. तिचेच मसुदे समोर ठेवते. पत्र इंग्रजीत जाणार आहे, इथे मजकूर मराठीत देते.

पहिल्या पत्रातला मुख्य परिच्छेद असा होता : ‘वाशीतील एका व्यावसायिक हॉटेलात पाच महिन्यांचे प्रशिक्षण पूर्ण केले. फ्रंट ऑफिसमध्ये पाहुण्यांचे चेक-इन व चेक-आउट हाताळले. हाउसकीपिंगमध्ये खोल्यांची स्वच्छता व कंट्रोल डेस्क सांभाळला. बँक्वेट व रेस्टॉरंटमध्ये सेवा दिली. किचनमध्ये कॉन्टिनेंटल व इंडियन विभागांत काम केले. यातून संघभावना, वेळेचे नियोजन व संवादकौशल्य विकसित झाले.’

यात खोटं काही नाही, आणि एका वाचकाच्या हे उपयोगाचंही आहे. अर्ज आधी एचआरकडे जातो. तिथल्या माणसाला एवढंच बघायचं असतं की पदवी कोणत्या वर्षीची, गुण पात्रतेत बसतात का, ट्रेनिंग पूर्ण झालं का, कसल्या हॉटेलात झालं आणि चारही मुख्य विभाग झाले का. पहिलं पत्र ही चाळणी विनासायास पार करतं. पण पत्र तिथून मुलाखत घेणाऱ्यांच्या टेबलावर जातं. तिथे एक्झिक्युटिव्ह हाउसकीपर असते, शेफ असतो, फ्रंट ऑफिस मॅनेजर असतो. त्यांच्यापुढच्या गठ्ठ्यात जवळपास प्रत्येक पत्रात हेच चार विभाग असतात, कारण अभ्यासक्रमच तसा आहे. हा परिच्छेद कापून दुसऱ्या मुलाच्या पत्रात चिकटवला तरी कोणाला कळणार नाही.

त्यातही ‘चेक-इन हाताळले’ हे जास्त घातक. बहुतेक हॉटेलांत ट्रेनीला संगणकप्रणालीचं स्वतःचं लॉगिन मिळत नाही. तो रजिस्ट्रेशन कार्ड भरून घेतो, ओळखपत्राची प्रत काढतो, पाहुण्याला खोलीपर्यंत सोडतो. फ्रंट ऑफिसवाल्याला हे पक्कं माहीत असतं. तो सहज विचारतो, ‘परदेशी पाहुणा आला तर काय करायचीस?’ उत्तर आहे, त्या पाहुण्याची माहिती चोवीस तासांच्या आत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाला ऑनलाइन कळवायची. खरंच काउंटरच्या मागे उभी राहिलेली मुलगी हे चटकन सांगते. ‘हाताळले’ नुसतं शोभेला लिहिलेली अडखळते, आणि मग पत्रातल्या बाकीच्या क्रियापदांवरचाही विश्वास उडतो. ‘रजिस्ट्रेशन कार्डं भरून घेतली’ हे लिहायला साधं दिसतं, पण ते प्रश्नाला पुरतं.

दुसऱ्या पत्रात तिने हाउसकीपिंगच्या कंट्रोल डेस्कवरचं एक काम घेतलं होतं. ते समजायला थोडी पार्श्वभूमी हवी. चेक-आउटची वेळ दुपारी बाराची, चेक-इन दोनची. पण वाशीसारख्या ठिकाणी कामानिमित्त येणारे पाहुणे सकाळीच विमानाने उतरतात आणि दहाला लॉबीत हजर होतात. तेव्हा रिकाम्या झालेल्या खोल्या अजून मळलेल्या असतात, हॉटेलच्या भाषेत ‘व्हेकंट डर्टी’. पाहुणा सोडून गेलेली एक खोली तयार करायला साधारण अर्धा-पाऊण तास जातो. त्यानंतर सुपरवायझर तपासतो आणि मगच ती विक्रीला मोकळी होते. मजल्यावरचा रूम अटेंडंट मात्र आपल्या वाट्याच्या खोल्या ट्रॉली ढकलायला सोईच्या क्रमाने करत जातो. लॉबीत कोण ताटकळलंय हे त्याला कुठून कळणार? ती यादी फ्रंट ऑफिसकडे असते.

तिचं पत्र असं होतं : ‘फ्रंट ऑफिसनंतर माझी बदली हाउसकीपिंगमध्ये झाली. सकाळी लवकर येणाऱ्या पाहुण्यांची यादी फ्रंट ऑफिसकडे असते, हे मला आधीच्या विभागामुळे माहीत होते. डेस्क सुपरवायझरच्या परवानगीने मी रोज सकाळी ती यादी मागवून घेऊ लागले, आणि व्हेकंट डर्टी खोल्यांच्या तक्त्यात ज्या खोल्या त्या पाहुण्यांना दिल्या होत्या त्यांच्यापुढे येण्याची वेळ लिहू लागले. मजल्यावरचे सुपरवायझर त्या खोल्या आधी लावू लागले. माझी पाळी बदलल्यावरही तो रकाना तक्त्यात राहिला.’

हे वाचल्यावर मुलाखत घेणाऱ्याच्या मनात प्रश्न आपोआप येतात. एका खोलीत दोन अटेंडंटना पाठवलं का? अटेंडंट कुरकुरले नाहीत का? खोली आयत्या वेळी बदलली तर? प्रत्येकाचं उत्तर तिच्याकडे होतं, कारण ते तिने केलं होतं. अटेंडंट खरंच कुरकुरले होते, क्रम मोडला की ट्रॉली दोनदा फिरवावी लागते म्हणून. मग तिने एकेका मजल्यावर दोनच खोल्यांना खूण करायची असं ठरवलं. ही गोष्ट तिने पत्रात घातली नव्हती आणि ते बरंच केलं. मुलाखतीत सांगायला काहीतरी शिल्लक हवं. शिवाय एका विभागाची माहिती दुसऱ्या विभागात वापरणं हे ट्रेनीच्या पुढच्या पदाचं रोजचंच काम, त्यामुळे ते वेगळं सांगायची गरज पडली नाही.

दुसऱ्या पत्राचे धोकेही आहेत. तिच्या आधीच्या खर्ड्यात ‘दोन विभागांत समन्वय नसल्याने पाहुण्यांना तिष्ठत बसावे लागे’ असं वाक्य होतं. ते मी काढायला लावलं. जिथे शिकलात त्या हॉटेलची उणीदुणी काढणारा ट्रेनी उद्या आपलीही काढेल असं वाटतं. आणखी एक वाक्य होतं, ‘प्रतीक्षेचा वेळ चाळीस टक्क्यांनी घटला.’ मी विचारलं, मोजला कोणी? ती म्हणाली, ‘काकू, साधारण तेवढाच असेल.’ तेही गेलं. हॉटेलात टक्केवारी कुठून येते हे समोरच्याला ठाऊक असतं. ‘रकाना तक्त्यात राहिला’ हा पुरावा आकड्यापेक्षा भक्कम आहे, कारण त्या हॉटेलात फोन करून तो पडताळता येतो. पाहुण्यांची नावं, त्यांच्या कंपन्या, हॉटेल किती टक्के भरलं होतं, यातलं काहीही पत्रात नको. ती माहिती हॉटेलची आहे.

खरी अडचण वेगळी आहे. एकच विभाग रंगवला की शेफला वाटतं, ही हाउसकीपिंगची मुलगी. इथे अर्ज कुठे करताय त्यावर बरंच ठरतं. ओबेरॉयच्या ओसीएलडीसारख्या दोन वर्षांच्या कार्यक्रमात किचन, हाउसकीपिंग, गेस्ट सर्व्हिस अशा शाखा वेगळ्या असतात आणि तुम्ही एका शाखेसाठीच उभे असता. तिथे दुसरं पत्र बिनदिक्कत पाठवावं, फक्त घटना त्याच शाखेतली हवी. किचनसाठी अर्ज आणि गोष्ट लॉबीतली, असं नको. उलट जिथे आधी सगळ्या विभागांत फिरवतात आणि शाखा नंतर ठरते, तिथे पहिल्या पत्राला थोडं वजन आहे. पण तिथेही पूर्ण परिच्छेद लागत नाही. सुरुवातीला एक वाक्य पुरतं : हॉटेल कसलं, किती महिने, चारही विभाग, कोणत्या क्रमाने. एचआरची चाळणी त्यावर निघून जाते आणि पानाचा उरलेला भाग मोकळा होतो. मला विचाराल तर बहुतेकांनी हेच करावं : एक वाक्य पहिल्या पत्रातलं, बाकी सगळं दुसरं.

आता कोणी म्हणेल, माझ्या वाट्याला असं काही आलंच नाही, पाच महिने मी काटे-चमचे पुसले. हे खूप मुलांच्या बाबतीत खरं असतं, विशेषतः लग्नसराईत बँक्वेटला टाकलेल्यांच्या. पण पुसतापुसता काय दिसलं? तीनशे लोकांच्या जेवणाला क्वार्टर प्लेट कमी पडतात तेव्हा स्टोअरमध्ये बहुधा पुरेशा असतात. त्या अडकतात धुण्याच्या जागी, कारण स्टार्टरच्या उष्ट्या प्लेट एकदम येतात आणि तिथे माणूस एकच असतो. ज्याने हे पाहिलं आणि दोन फेऱ्या जास्त मारून प्लेट आधी आणल्या, त्याच्याकडे पत्रापुरता मजकूर आहे. ज्याला असं काहीच आठवत नाही त्याने आधी लॉगबुक उघडावं. ते जर फक्त सही घेण्यापुरतं भरलेलं असेल, तर पहिलं पत्रच पाठवणं प्रामाणिक ठरेल. बनवून लिहिलेली घटना दुसऱ्या प्रश्नाला उघडी पडते.

तिच्या दोन्ही मसुद्यांत एक वाक्य सारखं होतं : सकाळी सातच्या शिफ्टसाठी कळव्याहून ठाणे आणि ठाण्याहून ट्रान्स-हार्बर पकडून रोज वेळेवर पोहोचत होते. मला कौतुक आहे, पण ते काढायला सांगितलं. मुंबईच्या हॉटेलांतला निम्मा स्टाफ दिवा, मुंब्रा, कल्याणहून त्याच वेळेला येतो आणि त्याबद्दल कोणी पत्र लिहीत नाही. त्या जागी तिने ‘भारतात कुठेही नेमणूक स्वीकारण्याची तयारी आहे’ असं लिहिलं. साखळीची हॉटेलं उदयपूरपासून कोचीपर्यंत असतात. घरच्यांशी हे बोलून मगच लिहायचं, कारण मुलाखतीत ‘उद्या जयपूरला पाठवलं तर?’ हा प्रश्न येतोच आणि तिथे ‘आईला विचारून सांगते’ चालत नाही.

तिने शेवटी दुसरं पत्र घेतलं, वर ते एक वाक्य जोडलं आणि सगळं एका पानात बसवलं. संघभावना, वेळेचे नियोजन वगैरे ओळ आपोआपच गळली. पाठवायच्या आधी तिला एकच काम सांगितलं : तेव्हाच्या डेस्क सुपरवायझरना फोन करून विचार की असं लिहिलं तर चालेल ना, आणि कोणी विचारलं तर ते दुजोरा देतील ना.