खात्याला बांधलेला बँड घ्यावा की कुठल्याही फोनला जोडला जाणारा?

तुमचा जुना फिटनेस बँड आता आई-वडिलांच्या हातात जाणार असेल, किंवा एकाच घरात दोघं-तिघं बँड वापरणार असतील, तर स्क्रीन आणि बॅटरी बघण्याआधी एक गोष्ट बघून घ्यावी असं मला वाटतं. हा बँड आपला मालक कसा ओळखतो? ढोबळमानाने दोन तऱ्हा आहेत. दोन्ही मी वापरल्या आहेत, आणि त्यांतला फरक बँड नवा असताना जाणवत नाही. तो हात बदलतो तेव्हा जाणवतो.

पहिल्या तऱ्हेत बँड कंपनीच्या सर्व्हरवर एका खात्याच्या नावाने नोंदवला जातो. दुसऱ्या खात्यातून जोडायला गेलं की अ‍ॅप ‘हे उपकरण आधीच दुसऱ्या खात्याशी जोडलेलं आहे’ अशा अर्थाचा संदेश दाखवून थांबतं. अ‍ॅपल वॉचचं अ‍ॅक्टिव्हेशन लॉक हे याचं सगळ्यात कडक रूप. घड्याळ पूर्ण पुसलं तरी जुन्या मालकाचा पासवर्ड लागतोच. दुसऱ्या तऱ्हेत बँडला खात्याची काही कल्पनाच नसते. तो ब्लूटूथवर एका फोनशी जोडलेला असतो, आणि त्या फोनवरच्या अ‍ॅपमध्ये ज्याचं लॉगिन असेल त्याच्या प्रोफाइलमध्ये पावलं, झोप, नाडी सगळं जाऊन बसतं.

ऐकायला दुसरी तऱ्हा सोपी वाटते, आणि एक माणूस, एक फोन, एक बँड असा मामला असेल तर ती खरोखर सोपी आहे. लॉगिनची कटकट नाही, फोन बदलला तरी पुन्हा जोडायला फार वेळ लागत नाही. त्या माणसाने पुढचं नाही वाचलं तरी चालेल.

माझा असा मोकळा बँड मी बाबांना दिला. त्यांच्या फोनवर अ‍ॅप टाकलं, त्यांचं खातं उघडलं, वय-उंची-वजन भरलं, बँड जोडला. पहिल्या संध्याकाळी सगळं ठीक होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा म्हणाले, ‘अरे, यात बँड सापडत नाही म्हणतंय.’ बँड हातावर, चार्ज भरपूर, पावलं बँडच्या पडद्यावर नीट दिसत होती. अ‍ॅप मात्र शोधत राहायचं आणि शेवटी हार मानायचं. ब्लूटूथ बंद-चालू केलं, फोन रीस्टार्ट केला, अ‍ॅप काढून पुन्हा टाकलं. कधी जोडला जायचा, कधी नाही. त्यात काही सूत्रच दिसेना.

सूत्र माझ्या फोनमध्ये होतं. मी अ‍ॅपमधून बँड काढून टाकला होता, पण फोनच्या ब्लूटूथ यादीत त्याची जुनी जोडणी तशीच होती, आणि त्याच कंपनीचं दुसरं उपकरण वापरत असल्याने अ‍ॅपही बॅकग्राउंडला चालू होतं. बहुतेक साधे बँड एका वेळी एकाच फोनशी बोलतात. कोणाशी जोडलेले नसतात तेव्हा ते ‘मी इथे आहे’ असा संकेत थोड्या-थोड्या वेळाने सोडत राहतात, आणि एकदा जोडले गेले की तो संकेत बंद करतात. मी घरात असलो की माझा फोन आधी पोहोचायचा आणि जोडणी धरून बसायचा. संकेत बंद, त्यामुळे बाबांच्या फोनला बँड सापडणार कुठून? मी बाहेर गेलो की त्यांचा फोन जिंकायचा. म्हणजे ‘पेअर होत नाही’ आणि ‘माहिती भलत्याच प्रोफाइलमध्ये जाते’ या दोन वेगळ्या तक्रारी नव्हत्या. एकाच कारणाची ती दोन टोकं होती.

तुमच्याकडे हेच होतंय का, हे ओळखायची रीत सोपी आहे. घरातल्या ज्या-ज्या फोनने तो बँड कधीकाळी वापरला, त्या सगळ्यांचं ब्लूटूथ बंद करा आणि मग नव्या फोनवर शोधा. बँड लगेच दिसला, तर जोडणी कोणीतरी धरून बसलं होतं. दुसरी खूण जुन्या प्रोफाइलच्या आलेखात सापडते. मी खुर्चीत बसून काम करत होतो त्या वेळेला माझ्या नावावर चाळीस मिनिटांचं चालणं नोंदलेलं होतं. हे शोधताना दिवसाची बेरीज बघू नका, तासावार आलेख बघा. बेरजेत भलती पावलं सहज खपून जातात.

मला टोचलं ते यानंतरचं. जोडणी दुरुस्त झाली, पण माझ्या प्रोफाइलमध्ये आलेली बाबांची माहिती त्यांच्याकडे परत नेता येईना. बँड एकदा सिंक झाला की त्याच्या दृष्टीने ती नोंद पोचती झालेली असते. दुसऱ्या फोनला तो ती पुन्हा देईलच असं नाही. मुद्दाम सुरू केलेला व्यायाम, म्हणजे पळणं किंवा सायकल, काही अ‍ॅपमधून फाइल म्हणून बाहेर काढता येतो आणि दुसऱ्या खात्यात चढवता येतो. FIT, TCX आणि GPX हे त्यातले नेहमीचे प्रकार. पण दिवसभराची पावलं, झोप आणि विश्रांतीची नाडी यांसाठी तशी सोय मला माझ्या अ‍ॅपमध्ये मिळाली नाही. आणि बाबांना बँड दिला होता तो नेमका नाडी आणि झोपेवर लक्ष राहावं म्हणूनच.

शिवाय चुकीच्या प्रोफाइलमध्ये गेलेली माहिती नुसती जागा चुकत नाही, तिचा अर्थही बदलतो. बरीच अ‍ॅप कमाल नाडी २२० वजा वय या साध्या सूत्राने धरतात. माझं वय ४०, म्हणून माझ्यासाठी ती १८०. बाबा ६८ वर्षांचे, त्यांच्यासाठी १५२. त्यांच्या चालण्यात नाडी ११० च्या आसपास होती. त्यांच्या प्रोफाइलमध्ये ते कमाल मर्यादेच्या ७२ टक्के, म्हणजे चांगला दमदार व्यायाम. माझ्या प्रोफाइलमध्ये तेच ६१ टक्के, म्हणजे सावकाश फेरफटका. कॅलरीही माझ्या वजन-उंचीवरून मोजल्या गेल्या. माझ्या विश्रांतीच्या नाडीचा आलेख त्या काळात वर चढलेला दिसतो तो निराळाच. पुढे हीच माहिती अ‍ॅपल हेल्थ किंवा हेल्थ कनेक्टमध्ये गेलेली असेल, तर बँडच्या अ‍ॅपमधून पुसली तरी तिथून गेलीच असं धरू नये. तिथे जाऊन वेगळी पुसावी लागते.

आता खात्याला बांधलेल्या बँडचंही सांगायला हवं, कारण त्याची अडचण खोटी नाही. जुन्या खात्याचं लॉगिन हाती नसलं तर तो अडून बसतो. यातला नेहमीचा घोळ पासवर्ड विसरण्याचा नसतो, एकाच माणसाची दोन खाती झाल्याचा असतो. पहिल्यांदा मोबाइल नंबरने नोंदणी केलेली असते, आणि नव्या फोनवर घाईत गूगल किंवा अ‍ॅपलच्या बटणाने आत शिरलेलं असतं. अ‍ॅप त्याला नवं खातं समजतं, इतिहास रिकामा दिसतो, आणि बँड म्हणतो मी दुसऱ्याचा आहे. तो दुसरा म्हणजे तुम्हीच असता. अशा वेळी बँडशी झटापट करू नये. बाहेर पडून पहिल्या वेळी वापरलेल्या मार्गानेच लॉगिन करावं. बहुतेक वेळा जुना इतिहासही दिसतो आणि बँडही जोडला जातो. तो नंबरच बंद झालेला असेल तर मात्र कंपनीच्या मदत केंद्रामागे लागावं लागतं, आणि त्यात किती दिवस जातील हे सांगणं अवघड. जुना, वापरलेला बँड विकत घेणाऱ्याने म्हणूनच पैसे देण्याआधी समोरच्याला त्याच्या खात्यातून बँड काढायला लावावं.

तरीही मी बाबांसाठी पुढचा बँड याच तऱ्हेचा घेतला. तो अडतो तेव्हा सांगून अडतो. तुम्हाला त्याच क्षणी कळतं की काहीतरी जुळत नाही, आणि तोवर एकही नोंद भलतीकडे गेलेली नसते. मोकळा बँड अडत नाही, तो गुपचूप चुकीच्या ठिकाणी लिहीत राहतो, आणि लक्षात येईपर्यंत बाबांच्या आलेखात पडलेलं भोक भरून निघण्यापलीकडे गेलेलं असतं. तुमचा अनुभव वेगळा असू शकेल, सगळे मोकळे बँड इतके बेफिकीर असतील असंही मी म्हणणार नाही. पण आरोग्याची नोंद ठेवायची असेल तर उशीर परवडतो, सरमिसळ परवडत नाही.

कुठलाही घेतलात तरी हात बदलताना क्रम सांभाळा. आधी जुन्या खात्यात शेवटचं सिंक करून घ्या, नाहीतर बँडच्या पोटात साठलेले दिवस रीसेटमध्ये पुसले जातील किंवा नव्या माणसाच्या नावावर चढतील. मग अ‍ॅपमधून बँड काढा. मग फोनच्या ब्लूटूथ यादीत जाऊन तिथली जोडणीही विसरायला लावा; आयफोनवर ‘Forget This Device’ असं लिहिलेलं असतं. शेवटी बँड रीसेट करा. खात्याला बांधलेल्या बँडचं रीसेट आधी आणि अ‍ॅपमधून काढणं नंतर असं झालं, तर काही वेळा सर्व्हरवरची नोंद तशीच राहते. आणि फोनमधली जुनी जोडणी राहिली तर फोन जुन्याच किल्लीने दार उघडू बघतो, जी बँडने रीसेटमध्ये टाकून दिलेली असते.

एका परिस्थितीत मात्र खातेबंद बँडही वाचवत नाही. वडिलांकडे स्मार्टफोन नाही आणि दोघांचे बँड तुमच्याच फोनवर, तुमच्याच खात्यात जोडायचे असं ठरलं, तर सर्व्हर दोन्ही उपकरणं तुमचीच मानतो. एका आयफोनला दोन अ‍ॅपल वॉच जोडली तरी दोन्हींची माहिती एकाच हेल्थमध्ये जमा होते. म्हणून अ‍ॅपलने २०२० मध्ये वॉचओएस ७ बरोबर फॅमिली सेटअप आणला, ज्यात घरच्या माणसाचं घड्याळ तुमच्या फोनवरून सुरू होतं पण नोंद त्याच्या स्वतःच्या नावाने राहते. त्याला सेल्युलर घड्याळ लागतं. ते नको असेल तर घरात पडून असलेला जुना फोन किंवा टॅब्लेट बाबांच्या नावाने लावून द्या. त्यात सिम नसलं तरी वायफायवर सिंक होतं.