देणे नव्वद हजारांचे, नोटीस तीन लाखांची

रबाळ्यात फर्निचरचे छोटे वर्कशॉप चालवणाऱ्या माझ्या धाकट्या दिरांना 12 मार्च 2025 रोजी रजिस्टर पोस्टाने एका वकिलाची नोटीस आली. त्यांचा 3,00,000 रुपयांचा धनादेश खात्यात पुरेशी रक्कम नसल्याने परत गेला आहे आणि निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट, 1881 च्या कलम 138 खाली त्यांच्यावर कारवाई करण्यात येईल, असे तिच्यात लिहिले होते. प्रत्यक्षात त्या दिवशी त्यांचे देणे नव्वद हजारांचे होते. मी वाशीत एका करसल्लागाराच्या कार्यालयात हिशेब पाहते, त्यामुळे नोटीस माझ्या हाती आली. ती वकिलांकडे नेण्यापूर्वी आम्ही तिच्यातली मागणी, मुदत आणि परिणाम वहीत वेगवेगळे मांडून पाहिले. ठाणे आणि नवी मुंबईच्या परिसरात कोरे धनादेश घेऊन पैसे देणारे बरेच आहेत, म्हणून हा अनुभव तपशिलाने लिहीत आहे.

आधी व्यवहार सांगते. एप्रिल 2024 मध्ये दिरांनी ठाण्यातील एका खासगी फायनान्सरकडून रक्कम घेतली. कागदावर ती तीन लाख होती, पण व्याजाचे तीस हजार आधीच कापून घेऊन हाती 2,70,000 रुपये दिले गेले. फेड दरमहा तीस हजारांच्या दहा हप्त्यांत करायची होती आणि तारण म्हणून सह्या केलेले दोन कोरे धनादेश द्यावे लागले. मे ते सप्टेंबरचे पाच हप्ते फायनान्सरच्या खात्यात गेले. ऑक्टोबर आणि नोव्हेंबरचे दोन हप्ते मात्र त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर कळवून आपल्या पुतण्याच्या खात्यात भरायला लावले. डिसेंबरमध्ये काम मंदावल्याने दिरांनी मुदत मागितली, तेव्हा त्याने "मार्चपर्यंत बघू" असे उत्तर दिले. हे उत्तर देणाऱ्याच माणसाने एका कोऱ्या धनादेशावर 20 जानेवारी 2025 ही तारीख आणि संपूर्ण तीन लाखांचा आकडा भरला, आणि फेब्रुवारीत तो बँकेत टाकला. खात्यात तेवढे पैसे नसणार, हे त्याला ठाऊक होते. किंबहुना धनादेश वटावा अशी त्याची अपेक्षाच नसावी.

नोटिशीतील एकूण मागणी 3,59,500 रुपयांची होती. ती फोडून पाहिल्यावर धनादेशाचे तीन लाख, व्याजाचे 54,000 आणि वकिलाच्या फीचे 5,500 असे तीन भाग निघाले. ही फोड महत्त्वाची असते, कारण कलम 138 धनादेशाच्या रकमेपुरतेच आहे. मुदतीत तेवढी रक्कम दिली तर या कलमाखालील गुन्हा उभा राहत नाही, आणि व्याज व फी वसूल करायची असेल तर समोरच्याने वेगळा दिवाणी मार्ग धरायचा असतो. जास्तीची मागणी केल्यामुळे नोटीसच बाद होते, असे आम्हाला एका ओळखीच्या गृहस्थांनी ठामपणे सांगितले होते, पण ते खरे नाही. धनादेशाची रक्कम स्वतंत्रपणे लिहून मागितली असेल, तर सोबत व्याज व खर्च मागितल्याने नोटीस अवैध ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली सुमन सेठी प्रकरणात स्पष्ट केले आहे. आमच्या नोटिशीत ती रक्कम स्वतंत्रपणे लिहिलेली होती, त्यामुळे त्या आशेवर बसण्यात अर्थ नव्हता.

मुदतीच्या बाबतीत नोटीस सरळसरळ दिशाभूल करणारी होती. "सात दिवसांच्या आत रक्कम भरावी" असे तिच्यात ठळक अक्षरांत छापले होते, परंतु कायद्याने नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवस दिलेले आहेत आणि वकिलाने पत्रात कमी दिवस लिहिले म्हणून ते कमी होत नाहीत. ज्या दिवशी नोटीस हाती पडते तो दिवस मोजणीत धरत नाहीत. म्हणजे 12 मार्च सोडून 13 पासून मोजायला लागल्यावर आमचा शेवटचा दिवस 27 मार्च येत होता. मधली धुळवडीची सुट्टी वजा होत नाही. पोस्टाच्या पाकिटावरील शिक्का आणि सही केल्याची तारीख यांचा आम्ही लगेच फोटो काढून ठेवला, कारण पुढची सगळी मोजणी त्या एका तारखेवर उभी असते.

समोरच्यावरही मुदती असतात, आणि त्या तपासायला लोक विसरतात. धनादेश परत आल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत नोटीस द्यावी लागते. बँकेच्या रिटर्न मेमोवर 24 फेब्रुवारी ही तारीख होती आणि नोटीस 7 मार्चला रवाना झाली होती, म्हणजे ही अट त्याने पाळली होती. आमचे पंधरा दिवस 27 मार्चला संपल्यावर 28 मार्चला त्याला तक्रारीचे कारण मिळणार होते, आणि तिथून एक महिन्याच्या आत, म्हणजे 28 एप्रिलपर्यंत, त्याला दंडाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करावी लागणार होती. उशिराचे समाधानकारक कारण दाखवले तर न्यायालय तो उशीर माफ करू शकते, म्हणून ती तारीख उलटली की सुटलो, असेही समजू नये. दिरांचे खाते वाशीच्या शाखेत असले तरी फायनान्सरचे खाते ठाण्यात होते, त्यामुळे तक्रार ठाण्याच्या न्यायालयात होणार हेही तेव्हाच कळले; 2015 च्या दुरुस्तीनंतर ज्याला पैसे मिळायचे त्याच्या बँकशाखेवरून न्यायालय ठरते.

परिणामांच्या परिच्छेदात "पोलिसांमार्फत तात्काळ अटक" असे शब्द होते आणि घरातली माणसे सर्वांत जास्त त्यांनीच हादरली. कलम 138 चे प्रकरण पोलीस ठाण्यातून सुरू होत नाही. ते धनादेश ज्याच्या नावे आहे त्याच्या लेखी तक्रारीवरून न्यायालयात सुरू होते आणि आधी समन्स येते. समन्स मिळूनही हजर न राहणाऱ्यावर मात्र वॉरंट निघू शकते. दोष सिद्ध झाल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, किंवा धनादेशाच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. आमच्या बाबतीत दुप्पट म्हणजे सहा लाख. शिवाय आरोपीने गुन्हा नाकारल्यावर, निकालाच्या आधीच, न्यायालय धनादेशाच्या रकमेच्या वीस टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई द्यायला सांगू शकते. तीन लाखांवर हा आकडा साठ हजारांपर्यंत जातो.

"नोटीस घ्यायचीच नव्हती, परत पाठवायची होती" हा शेजाऱ्यांचा सल्ला निरुपयोगी होता. योग्य पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने पाठवलेले पत्र न स्वीकारल्यास ते पोचले असेच धरले जाऊ शकते. उत्तर न देणे हा स्वतःच काही गुन्हा नाही आणि उत्तर दिले नाही म्हणून बचावाचा हक्कही जात नाही. पण सही मान्य असली की धनादेश देण्यापोटीच दिला होता, असे कायदा कलम 139 नुसार गृहीत धरतो आणि ते खोडून काढण्याचा भार सही करणाऱ्यावर येतो. आकडा दुसऱ्याने भरला, एवढ्याने तो भार उतरत नाही. स्वेच्छेने सही करून दिलेल्या कोऱ्या धनादेशालाही हे गृहीतक लागू होते. अशा वेळी नोटिशीला उत्तर नसेल, तर "हे सगळे खरे असते तर तेव्हाच का सांगितले नाही?" हा प्रश्न उलटतपासणीत येतोच, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2010 च्या रंगप्पा निकालात उत्तर न देण्याचा विचार आरोपीच्या विरोधात केला आहे.

आमच्या वकिलांनी उत्तरात सही नाकारली नाही. वादाचा मुद्दा रकमेचा होता. धनादेश वटवायला टाकला त्या दिवशी जेवढे कायदेशीर देणे उरले होते, त्याहून मोठ्या रकमेसाठी तो वापरला आणि मधली फेड त्यावर नोंदवली नाही, तर कलम 138 चा गुन्हा होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये दशरथभाई पटेल प्रकरणात म्हटले आहे. त्यासाठी फेड झाल्याचे दाखवावे लागते. फायनान्सरच्या खात्यात गेलेले दीड लाख बँकेच्या उताऱ्यावर स्वच्छ दिसत होते. पुतण्याच्या खात्यातील साठ हजारांचा मूळ कर्जाशी काही संबंधच दिसत नव्हता, आणि माझ्या मते ते पैसे तिकडे वळवण्यामागे तोच हेतू होता. तो संबंध जोडणारा एकच दुवा व्हॉट्सअ‍ॅपवरचा संदेश होता. म्हणून दिरांनी तो फोन बदलला नाही, संदेश पुसले नाहीत आणि त्यांची छापील प्रत प्रमाणपत्रासह देण्याची तयारी ठेवली. धनादेशाचा क्रमांकही उपयोगी पडला. त्याच पुस्तिकेतील आधीचा आणि नंतरचा धनादेश एप्रिल 2024 मध्येच वटलेले होते, त्यामुळे मधलाच तेवढा जानेवारी 2025 मध्ये लिहून दिला, ही गोष्ट पटण्यासारखी राहत नव्हती.

उरलेले नव्वद हजार 24 मार्चला एनईएफटीने फायनान्सरच्याच खात्यात भरले आणि दुसऱ्या दिवशी उत्तर रजिस्टर पोस्टाने गेले. त्यात प्रत्येक हप्त्याची तारीख, रक्कम, खाते आणि व्यवहार क्रमांक दिला होता, त्याचा सावकारी परवाना क्रमांक विचारला होता आणि दोन्ही धनादेश क्रमांकासह परत मागितले होते. फोनवर त्याने "एक लाख रोख द्या, मिटवून टाकू" असे सुचवले. वकिलांनी रोख देण्यास मनाई केली, कारण रोख रकमेची पावती मिळणार नव्हती आणि धनादेश त्याच्याकडेच राहणार होता.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात त्याने ठाण्यात तक्रार केलीच. खात्यात आलेले दीड लाख जुन्या उसनवारीचे होते, असे तिच्यात म्हटले आहे. मात्र ती उसनवारी कधीची आणि किती रकमेची, याचा उल्लेख नाही. प्रकरण चालू आहे. दुसरा कोरा धनादेश अजून त्याच्याकडेच आहे. त्याचे पेमेंट थांबवण्याचा अर्ज बँकेत दिलेला आहे, पण केवळ 'स्टॉप पेमेंट' केल्याने कलम 138 टळत नाही, म्हणून त्या धनादेशापोटी काहीही देणे उरलेले नाही असे कळवणारे स्वतंत्र पत्रही फायनान्सरला पाठवले असून त्याची पोचपावती वकिलांच्या फाइलमध्ये लावली आहे.