खरेदी बिलांची माहिती टॅलीच्या व्हाउचर इम्पोर्टमध्ये बसवताना: कोल्हापूरची बिले आणि बेळगावची खाती

बेळगावच्या उद्यमबागेतील दोन मशीन शॉप आणि शहरातील काही हार्डवेअर दुकाने यांचे हिशेब मी पाहतो. गेल्या पावसाळ्यापासून त्यांची खरेदी बिले स्कॅन करून, त्यातील माहिती एका सॉफ्टवेअरने एक्सेलमध्ये काढून, ती टॅलीप्राइममध्ये व्हाउचर म्हणून इम्पोर्ट करण्याची पद्धत आम्ही अवलंबली आहे. बिल वाचणारी बहुतेक सॉफ्टवेअर जवळपास सारखेच रकाने देतात, म्हणजे पुरवठादाराचे नाव, जीएसटी क्रमांक, बिल क्रमांक, तारीख, करपात्र रक्कम, तिन्ही कर आणि एकूण रक्कम. त्यामुळे हा अनुभव एखाद्या विशिष्ट सॉफ्टवेअरचा नसून त्या रकान्यांपासून व्हाउचरपर्यंतच्या जोडणीचा आहे. अनेक महिन्यांच्या वापरानंतर माझे स्पष्ट मत असे आहे की बिल वाचणे हा या कामातील सोपा भाग आहे. वाचलेली रक्कम कोणत्या पार्टीच्या आणि कोणत्या कराच्या खात्यावर टाकायची, हा खरा प्रश्न आहे, आणि आपल्या सीमाभागात तो इतर ठिकाणांपेक्षा अधिक जपून सोडवावा लागतो.

याचे कारण सरळ आहे. आमच्या ग्राहकांचा जीएसटी क्रमांक कर्नाटकाच्या २९ ने सुरू होतो, पण त्यांचा बराच माल कोल्हापूर, शिरोली आणि इचलकरंजीहून, म्हणजे २७ क्रमांकाच्या महाराष्ट्रातून येतो, आणि थोडा गोव्याहून, म्हणजे ३० मधून येतो. हुबळीचा पुरवठादार सीजीएसटी आणि एसजीएसटी लावतो, तर कोल्हापूरचा आयजीएसटी लावतो. त्यामुळे एकाच दुकानात, एकाच दिवशी, एकाच प्रकारच्या मालासाठी खात्यांचे दोन वेगळे संच लागतात. सॉफ्टवेअरसोबत येणारा तयार नमुना मात्र सर्व खरेदी एकाच खात्यावर घेतो आणि ज्या रकान्यात कराची रक्कम आहे त्या नावाच्या खात्यावर ती टाकून मोकळा होतो.

प्रथम पार्टीविषयी लिहितो. पार्टी नावावरून शोधू नये, जीएसटी क्रमांकावरून शोधावी, असे माझे ठाम मत झाले आहे. महालक्ष्मीच्या नावाची दुकाने कोल्हापुरात आहेत, निपाणीत आहेत आणि बेळगावातही आहेत. शिवाय एकाच दुकानाचे नाव एका बिलावर इंग्रजीत, दुसऱ्यावर कानडीत आणि रबरी शिक्क्यावर मराठीत असू शकते. टॅलीला मात्र तिच्याकडे नोंदलेले खात्याचे नाव किंवा त्याचे उपनाम हवे असते, अन्यथा ते खाते अस्तित्वात नाही असा संदेश येऊन व्हाउचर नाकारले जाते. म्हणून आम्ही एक स्वतंत्र तक्ता ठेवला आहे. त्याच्या पहिल्या रकान्यात जीएसटी क्रमांक आणि दुसऱ्यात टॅलीतील खात्याचे नाव अक्षरशः जसे आहे तसे लिहिलेले आहे. बिलावरून वाचलेले नाव केवळ डोळ्यांनी पडताळण्यासाठी बाजूला ठेवले जाते, जोडणीत त्याचा उपयोग होत नाही.

या क्रमांकाची रचना माहीत असेल तर वाचनातील चुका लवकर सापडतात. पंधरा अक्षरांपैकी पहिली दोन राज्याची, पुढची दहा पॅनची, आणि शेवटचे अक्षर आधीच्या चौदांवरून गणिताने काढलेले असते. पॅनमध्ये पाच अक्षरे, चार अंक आणि एक अक्षर हा क्रम ठरलेला असल्यामुळे अंकांच्या जागी `O` किंवा अक्षरांच्या जागी `8` आले तर ते वाचन चुकले हे निश्चित समजावे. ज्या पुरवठादाराची कोल्हापूर आणि बेळगाव अशा दोन्ही ठिकाणी नोंदणी आहे, त्याचा पॅन एकच असतो, पण जीएसटी क्रमांक दोन असतात. अशा वेळी खातीही दोन ठेवावीत आणि जोडणी कधीही पॅनवर करू नये, नाहीतर आयजीएसटीचे बिल स्थानिक पार्टीच्या खात्यावर जाऊन बसते.

आता कराकडे येतो. केवळ राज्याच्या क्रमांकावरून खाते ठरवणे पुरेसे नाही आणि केवळ बिलावरील करावरून ठरवणेही पुरेसे नाही. दोन्हींचा मेळ बसला तरच ओळ पुढे जावी, हा नियम आम्ही एक्सेलमध्ये एका सूत्राने घातला आहे. `C` रकान्यात पुरवठादाराचा क्रमांक, `G` मध्ये सीजीएसटी आणि `H` मध्ये आयजीएसटी आहे, असे समजून हे सूत्र वाचावे.

```
=IF(AND(LEFT(C2,2)="29",H2=0),"LOCAL",
 IF(AND(LEFT(C2,2)<>"29",G2=0),"INTER","CHECK"))
```

`CHECK` आलेली ओळ इम्पोर्टमध्ये जात नाही. ही अडवणूक कशासाठी, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. मालक कामासाठी कोल्हापुरात मुक्कामाला राहिले आणि लॉजचे बिल कंपनीच्या नावाने आणले. खोलीचे भाडे २,४०० रुपये, सीजीएसटी ६० आणि एसजीएसटी ६०. मुक्कामाच्या सेवेचा पुरवठा जिथे इमारत आहे तिथलाच मानला जातो, म्हणून हा एसजीएसटी महाराष्ट्राचा आहे आणि कर्नाटकात नोंदणी असलेल्या व्यवसायाला या दोन्ही करांची वजावट मिळत नाही. तयार नमुना मात्र हे १२० रुपये बिनदिक्कत `Input CGST` आणि `Input SGST` या खात्यांवर टाकतो. व्हाउचर जुळते, टॅली कोणतीही तक्रार करत नाही, आणि चूक समजते ती जीएसटीआर-२बी मध्ये तेच बिल वजावट न मिळणाऱ्या भागात दिसल्यावर. आमच्या नियमात २७ आणि सीजीएसटी एकत्र आल्यामुळे ही ओळ थांबते आणि संपूर्ण २,५२० रुपये प्रवासखर्चाच्या नावे टाकले जातात.

शिरोलीच्या एका पुरवठादाराचे नेहमीचे बिल घेऊन संपूर्ण जोडणी मांडतो. मालाची किंमत ४२,३६५.६० आणि भाडे ८५० रुपये मिळून करपात्र रक्कम ४३,२१५.६० झाली. १८ टक्के आयजीएसटी ७,७७८.८१ आणि एकूण ५०,९९४.४१, ती पूर्णांकात आणून बिलावर ५०,९९४ छापलेली. व्हाउचरमध्ये पार्टीच्या खात्यावर ५०,९९४.०० जमा होतात. बाहेरच्या राज्यातील १८ टक्के खरेदीच्या खात्यावर ४२,३६५.६०, आवक भाड्याच्या खात्यावर ८५० आणि आयजीएसटीच्या खात्यावर ७,७७८.८१ नावे पडतात, आणि राउंड ऑफला ४१ पैसे जमा होतात. नावेची आणि जमेची बेरीज दोन्हीकडे ५०,९९४.४१ येते.

यातील ४१ पैशांकडे दुर्लक्ष केले तर टॅली व्हाउचरच्या बेरजा जुळत नसल्याचे सांगून ते नाकारते. राउंड ऑफची रक्कम अनेक सॉफ्टवेअर बिलावरून वाचतच नाहीत, म्हणून ती एकूण रकमेतून करपात्र रक्कम आणि कर वजा करून काढावी. ती एक रुपयापेक्षा जास्त आली, तर ते राउंड ऑफ नसून कुठलातरी आकडा चुकीचा वाचला गेला आहे, असे समजून बिल पुन्हा पाहावे. कर मात्र कधीही स्वतः गणित करून भरू नये, बिलावर छापलेलाच घ्यावा. हाच माल हुबळीहून आला असता, तर ९ टक्क्यांचे दोन भाग प्रत्येकी ३,८८९.४० झाले असते, म्हणजे दोन्ही मिळून ७,७७८.८०, एका पैशाने कमी. पुरवठादाराने विवरणपत्रात जो आकडा भरला आहे तोच आपल्या वहीत असावा, एवढेच यामागचे कारण आहे.

भाड्याविषयी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. भाड्याच्या खात्याला टॅलीत जीएसटी लागू असल्याचे आणि त्याचा दर नोंदवलेला नसेल, तर कराची रक्कम बरोबर असूनही जीएसटीच्या अहवालात करपात्र रक्कम ४२,३६५.६० दिसते आणि २बी मधील ४३,२१५.६० शी तिचा मेळ बसत नाही. फरक बरोबर भाड्याएवढा असेल, तर कारण हेच असते.

एक्सेलमधून एक्सएमएल तयार करून इम्पोर्ट करणाऱ्यांनी चिन्हांकडे लक्ष द्यावे. टॅलीच्या एक्सएमएलमध्ये नावेची रक्कम उणे लिहिली जाते आणि जमेची अधिक.

```xml
<ALLLEDGERENTRIES.LIST>
 <LEDGERNAME>Input IGST 18%</LEDGERNAME>
 <ISDEEMEDPOSITIVE>Yes</ISDEEMEDPOSITIVE>
 <AMOUNT>-7778.81</AMOUNT>
</ALLLEDGERENTRIES.LIST>
```

पार्टीच्या आणि राउंड ऑफच्या ओळीत याच्या उलट `No` आणि अधिक रक्कम येते. राउंड ऑफ कधी नावे तर कधी जमा पडत असल्यामुळे त्याचे चिन्ह सूत्रानेच ठरवावे, हाताने नव्हे. खात्याच्या नावात `&` असेल तर एक्सएमएलमध्ये ते `&amp;` असे लिहावे लागते, अन्यथा त्या एका चिन्हामुळे सगळी फाइल वाचली जात नाही. भागीदारांच्या जुन्या पेढ्यांच्या नावात हे चिन्ह हमखास असते.

बिल क्रमांकाने आम्हाला सर्वांत जास्त त्रास दिला, आणि तो एक्सेलमुळे. `0047` चा `47` होतो आणि `12-25` ची डिसेंबर २०२५ ही तारीख होते. फाइल उघडण्यापूर्वीच तो रकाना मजकूर म्हणून ठरवावा, कारण एकदा रूपांतर झाल्यावर मूळ क्रमांक परत मिळत नाही. हा क्रमांक `REFERENCE` मध्ये जावा, व्हाउचर क्रमांकात नव्हे, कारण २बी शी मेळ पुरवठादाराच्या बिल क्रमांकावरच घालायचा असतो. तारखेसाठी `20251014` असे आठ अंकी रूप वापरावे, म्हणजे पाच जून आणि सहा मे यांची अदलाबदल होत नाही. तीच फाइल पुन्हा इम्पोर्ट झाली तर व्हाउचर दुबार पडू शकतात, म्हणून जीएसटी क्रमांक, बिल क्रमांक आणि आर्थिक वर्ष मिळून बनलेली खूण आधीच्या याद्यांमध्ये शोधूनच आम्ही ओळ पुढे पाठवतो.

दराचे खाते बिलावरील दरावरूनच निवडावे, मालाच्या नावावरून निवडू नये. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटचा दर २८ वरून १८ टक्के झाला. मालाच्या नावावर आधारलेली जोडणी त्या दिवशी निरुपयोगी झाली, दरावर आधारलेली मात्र तशीच चालू राहिली.

ही पद्धत कोणाला परवडेल, याविषयी माझे मत असे आहे. ठरावीक पुरवठादारांची छापील बिले नियमित येत असतील, तर पहिला महिना पार्टीचा तक्ता भरण्यात जातो आणि त्यानंतर दिवाणजींचे काम प्रामुख्याने `CHECK` च्या ओळी पाहण्याचे उरते. खानापूरकडील लहान दुकानदारांची हाताने लिहिलेली बिले, कंपोझिशनवाल्यांची बिनकराची बिले आणि माल परत केल्यावर येणाऱ्या क्रेडिट नोटा आम्ही अजूनही थेट टॅलीत हातानेच टाकतो, कारण त्यांची वाचलेली माहिती तपासण्यात जेवढा वेळ जातो त्यापेक्षा कमी वेळात नोंद पूर्ण होते.