‘लोकवर्गणी’ म्हणून नेले, ‘देणगी’ म्हणून पचवले

आमच्या गावातल्या 186 घरांकडून प्रत्येकी 1,200 रुपये, म्हणजे 2,23,200 रुपये एका संस्थेने आरओ प्लांटच्या नावाखाली नेले. गोळा मी केले. बचत गटाची सचिव म्हणून दारोदार फिरले आणि पावत्या फाडल्या. त्यामुळे आता गिरणीवर, लग्नात, एसटी स्टँडवर ‘ताई, आमच्या बाराशेचं काय झालं?’ हे मलाच ऐकावं लागतं. संस्थेचे समन्वयक सर केव्हाच दुसऱ्या जिल्ह्यात, दुसऱ्या प्रकल्पावर गेलेत. त्यांना कोण विचारणार?

आम्ही यवतमाळ जिल्ह्यातले. बोअरच्या पाण्यात फ्लोराइड. पोरांचे दात तपकिरी, म्हाताऱ्यांचे गुडघे आखडलेले. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड पिण्याच्या पाण्यात चालत नाही. आमच्या बोअरचं 3.2 निघालं, आणि हे आम्हाला सांगितलं ते याच संस्थेने. ग्रामपंचायतीने इतक्या वर्षांत कधी बाटलीभर पाणी तपासायला पाठवलं नव्हतं. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, हेही संस्थेच्या माणसानेच समजावलं. म्हणून विश्वास बसला. ‘इतक्या भोळ्या कशा तुम्ही’ म्हणणाऱ्यांनी आधी सांगावं, त्या वेळी आमच्यासाठी दुसरं कोण उभं होतं?

सरांचं म्हणणं असं, की एक कंपनी सीएसआरमधून प्लांट देतेय, पण पुढच्या देखभालीसाठी गावाचाही वाटा हवा. लोकवर्गणी आमच्याकडे नवी नाही. सरकारी पाणी योजनांतही ती मागितली गेलीय. पण ती गावच्या पाणी समितीच्या खात्यात जमा होते आणि गावाकडे राहते. आमची गेली संस्थेच्या खात्यात. ‘समितीचं खातं उघडायला वेळ जाईल, कंपनीचा हप्ता अडकेल,’ असं सर म्हणाले.

आणि ती पावती! पहिली मी माझ्याच नावाची फाडली. वर संस्थेचं नाव, नोंदणी क्रमांक, खाली बारीक अक्षरात ‘ऐच्छिक देणगी, परत मिळणार नाही’. मी वाचलं होतं. विचारलंही होतं, ‘सर, ही तर देणगी लिहिलीय.’ ते हसले. ‘ताई, ऑडिटला एकच छापील पुस्तक चालतं, तुम्ही मागे पेनाने लोकवर्गणी लिहा.’ मी मागे लिहिलं. 186 पावत्यांच्या मागे माझं अक्षर आहे, आणि त्याला कागदोपत्री किंमत शून्य. मागचं अक्षर लोकांच्या प्रतीवर आहे, संस्थेकडच्या स्थळप्रतीवर नाही. रात्री हे आठवलं की अजून अंगाची लाही होते. तेव्हाच पुस्तक परत करायला हवं होतं. पण समोर सर, सरपंच, टाळ्या वाजवणारी सभा. कोणती बाई त्या क्षणी उठून ‘थांबा’ म्हणाली असती?

प्लांट बसला, चौदा महिने चाललाही. पाच रुपयांत वीस लिटरचा कॅन. मग मार्चच्या शेवटी सर घाईघाईने आले. ‘मार्च एंड आहे ताई, सही करा.’ तो कागद हस्तांतरणाचा होता: प्लांट सुस्थितीत गावाच्या ताब्यात मिळाला, यापुढची देखभाल गावाची. कंपनीचा पैसा त्या वर्षात खर्ची दाखवायचा, उपयोगिता प्रमाणपत्र जोडायचं आणि पुढचा जिल्हा धरायचा. सरांचा पगारही त्या प्रकल्पावरच होता. प्रकल्प संपला, माणूस संपला. पैसा देणाऱ्याला प्लांटच्या उद्घाटनाचा फोटो लागतो. तिसऱ्या वर्षी पाणी गाळणारं मेम्ब्रेन बदलायचं बिल कुणालाच नको असतं.

मेम्ब्रेन गेल्यावर पाणी बंद पडत नाही, हे सगळ्यात घातक. कॅन भरतच होते, पाणी दिसायला तसंच. मिस्त्री टीडीएस मीटर बुडवून ‘ठीक आहे’ म्हणायचा. त्या मीटरला फ्लोराइड कळत नाही! त्यासाठी प्रयोगशाळाच लागते. आम्ही नमुना पाठवला तर 2.6 आलं. म्हणजे पैसे देऊन लोक पुन्हा तेच पाणी पीत होते. मेम्ब्रेन आणि फिल्टरचं दरपत्रक 58,000 रुपयांचं. लोकवर्गणीतून हेच व्हायचं होतं. संस्थेला फोन केला तर उत्तर, ‘देणगी होती, प्रकल्पात खर्च झाली.’

मग कंपनीला ईमेल केला. तिथल्या बाईंनी एक ओळ लिहिली, तीच आमच्या हातातला एकमेव पुरावा: करारात गावाकडून काहीही घ्यायचं नव्हतं, आणि तीन वर्षांची देखभाल कंपनीच्या रकमेतच धरली होती. म्हणजे एकाच देखभालीचे पैसे दोन्हीकडून. तुमच्या गावात संस्था आली तर कंपनीशी झालेल्या कराराची प्रत आधी मागा, देत नसतील तर चहा पाजून वाटेला लावा.

आता कचेऱ्या. पोलीस ठाण्यात साहेबांनी पावती उलटीपालटी केली. ‘देणगी दिलीत ना? ही दिवाणी बाब आहे.’ ग्रामसेवक म्हणाले, ठराव फक्त जागेचा आहे, पैशांचा नाही. धर्मादाय कार्यालयात तर कारकुनाने मलाच विचारलं, ‘तुम्ही संस्थेच्या सभासद आहात का?’ संस्था 1860च्या सोसायटी कायद्याखाली नोंदलेली. महाराष्ट्राच्या 1950च्या विश्वस्त कायद्यात ‘हितसंबंध असलेली व्यक्ती’ कोण, याची व्याख्या आहे. तिथे अशा संस्थेसाठी सभासदाचा उल्लेख आहे. ज्याच्या दातांचे फोटो दाखवून पैसे उभे केले, त्या गावकऱ्याचा नाही. अहवाल देणगीदाराला, हिशेब आयुक्तांना, उत्तर आम्हाला कुणाचंच नाही. माहिती अधिकारात संस्थेला अर्ज केला, तर ‘आम्हाला सरकारचा पैसा नाही, आम्ही त्या कायद्यात बसत नाही.’ सरकारच्या भरीव पैशावर चालणाऱ्या संस्था त्यात येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये सांगितलंय. कंपनीच्या पैशावरची सुटते.

पण एक फट आहे, ती कुणी सांगत नाही. अर्ज संस्थेला करू नका, धर्मादाय कार्यालयाला करा. संस्थेने तिथे भरलेला लेखापरीक्षित हिशेब त्यांच्याकडे असतो, आणि ते कार्यालय माहिती अधिकारात नक्की येतं. आम्हाला ताळेबंद आणि उत्पन्न-खर्चाचं पत्रक मिळालं. त्यात आमचे 2,23,200 ‘देणग्या’ या एका ओळीत गडप. आमच्या गावासाठी वेगळा निधी म्हणून कुठेच नाही.

सगळ्या संस्था चोर, असं मी म्हणणार नाही. आमच्याच विदर्भातल्या गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेने गावातल्या बायांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली, 1999 मध्ये तो अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला, आणि 2011 पासून तेच काम देशभर आशाताई सरकारी मानधनावर करतायत. तिथे देणगी आटली तरी काम थांबत नाही, कारण ते सरकारच्या यंत्रणेत गेलं. आमच्या प्लांटचं असं कुणाकडेच काही गेलं नाही, नुसता माझ्या सहीचा कागद गेला.

त्या कागदावर तारीख टाकू नका, सही करू नका, जोपर्यंत सोबत प्रयोगशाळेचा ताजा फ्लोराइड अहवाल आणि शिल्लक देखभाल निधीचा आकडा जोडलेला नाही. मार्च एंड त्यांचा असतो, आपला नाही. पैसे फक्त गावाच्या खात्यात, चेकने. पावती पुस्तकावर ‘देणगी’ असेल तर पुस्तक परत.

आमचा अर्ज आता सहधर्मादाय आयुक्तांकडे आहे, आवक क्रमांक मिळालाय, तारीख नाही. प्लांटला मी कुलूप लावलंय. त्यावरूनही लोक बोलतातच: पाणी तरी मिळत होतं, ताईंनी तेही बंद केलं.