एसीसीए की अमेरिकन सीपीए?

परदेशात अकाउंटिंगच्या नोकरीसाठी यातली कोणती परीक्षा द्यावी, असं एका धाकट्या सहकाऱ्याने विचारलं. क्लासवाल्यांची पत्रकं बाजूला ठेवून बोलू.

वेळ पाहिला तर सीपीए आटोपशीर वाटते: चारच पेपर, त्यातले तीन सक्तीचे आणि एक आवडीचा. एसीसीएचे तेरा. पण पदवीनुसार त्यातल्या जास्तीत जास्त नऊ पेपरांची सूट मिळू शकते, आणि मग फरक बराच मिटतो.

खरी मेख पात्रतेत आहे. एसीसीए ही एक जागतिक संस्था, नियम सगळीकडे सारखे. सीपीएचा परवाना मात्र अमेरिकेतलं प्रत्येक राज्य स्वतंत्रपणे देतं. बहुतेक राज्यांची जुनी अट कॉलेज-अभ्यासाच्या १५० क्रेडिटची. आता काही राज्यं पर्यायी मार्गही देतात. तीन वर्षांची पदवी बहुधा ९० क्रेडिट धरली जाते, म्हणजे ६० कमी. ते भरायला वेगळा खर्च, वेगळं वर्ष. म्हणून आधी राज्य निवडा, मग पदवीचं मूल्यांकन करून घ्या, फी त्यानंतर.

अनुभवात उलटं. एसीसीएला ३६ महिने लागतात, सीपीएला अनेक राज्यांत एक वर्ष पुरतं.

अमेरिकेत किंवा अमेरिकन कंपनीच्या हिशेबात काम करायचं असेल तर सीपीएच घ्या. एसीसीएवर तिथे ऑडिट अहवालावर सही करता येत नाही. ब्रिटन, आयर्लंड, आखात, सिंगापूर डोक्यात असेल किंवा देशच ठरला नसेल, तर एसीसीए.