चित्राचं विश्लेषण: चार परिच्छेद की एक प्रश्न?

बेळगावात पहिल्या वर्षाच्या वह्या तपासताना मला चित्राचं विश्लेषण लिहिण्याच्या दोन पद्धती दिसतात. उदाहरण म्हणून मूळच्या सावंतवाडीच्या सा. ल. हळदणकरांचं ‘ग्लो ऑफ होप’ घेऊ. दिवा धरलेल्या स्त्रीचं हे जलरंगचित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. जमलं तर प्रत्यक्षच बघा, छापील प्रतीत रंग बदलतात.

पहिली पद्धत म्हणजे रेषा, रंग, रचना, अवकाश यांवर एकेक परिच्छेद. यात काही सुटत नाही. पण ‘रंग उबदार आहेत’ इथेच वाक्य थांबतं, आणि तेच वाक्य दुसऱ्या कुठल्याही चित्राला चालतं.

दुसरीत एकच प्रश्न धरायचा: उजेड कुठून येतो? ज्योत तळव्याआड आहे, म्हणून बोटं आतून लालसर उजळतात. हा झाला रंग. तिथून उजेड चेहऱ्यावर चढतो, आपली नजरही त्याच वाटेने जाते; ही रचना. मागे सामानसुमान नाही, म्हणून अवकाश उथळ वाटतो आणि स्त्री जवळ येते. रेषेला इथे कमी जागा मिळाली तरी चालेल, कारण आकार छायाप्रकाशानेच घडलेत.

मी दुसरी पद्धत निवडेन. पहिली पद्धत टिपणं काढताना वापरा. तपासायचं एवढंच: निरीक्षणापुढे ‘म्हणून’ लिहून वाक्य पुरं होतं का?